सुई आधी की पाय आधी

माझ्या थोरल्या भावाने इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, एका शुक्रवारी रात्री जेवणानंतर घेतले. जागा स्वयंपाकघर, मात्रा दहा युनिट. डॉक्टरांनी ते सुरू करायला सांगितले होते त्याआधीच्या गणपतीनंतर. मधले सगळे महिने तो नको म्हणत होता.

भाऊ तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता. रत्नागिरी शहराबाहेर कातळाला लागून आमची हापूसची बाग आहे, ती तो सांभाळतो. घरात तो आणि वहिनी. मुलगा मुंबईत नोकरीला. मी धाकटी बहीण. मुंबईत एका वर्तमानपत्रात इतरांनी लिहिलेल्या बातम्या तपासण्याचे काम केले आणि निवृत्तीनंतर इथे परत आले. घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहते. भावाला दवाखान्यात नेणे हे काम माझ्याकडे आले, कारण वहिनी गाडी चालवत नाही आणि भाऊ एकटा गेला तर अर्ध्या गोष्टी सांगत नाही.

मधुमेह त्याला चौदा वर्षे होता. सुरुवातीला एक गोळी होती, नंतर दोन, मग तीन प्रकारच्या. त्या वर्षी पावसाळ्यात त्याचे शर्ट खांद्यावरून ओघळू लागले. वहिनी म्हणाली, बरे झाले, पोट गेले. रात्री तो चार-पाच वेळा उठत होता. वजन केले तेव्हा आठ किलो कमी भरले. खाणे कमी केलेले नव्हते.

डॉक्टर मूळच्या खेडच्या, चाळिशीतल्या. त्यांनी लगेच इन्सुलिनचे नाव काढले नाही. आधी गोळ्यांची पाकिटे टेबलावर काढायला लावली आणि कुठली कधी घेता ते विचारले. एक गोळी तो दुपारी बागेत विसरत होता. ती सकाळच्या गोळीबरोबर जोडून दिली, दुसरीची मात्रा वाढवली, भात किती आणि कधी याचे बोलणे झाले. लघवी तपासून घेतली, मूत्रपिंडे ठीक आहेत याची खात्री केली. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी तपासणी असते ती तेव्हा ९.८ होती. तीन महिने नीट औषध घेऊन ती १०.६ झाली. उपाशीपोटीची साखर दोनशे तीसच्या पुढे. वजन आणखी दोन किलो उतरलेले.

त्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या की आता इन्सुलिन. कारणही त्यांनी सांगितले. तीन गोळ्या पूर्ण मात्रेत, नियमाने घेऊनही साखर ठरवलेल्या आकड्याच्या खाली येत नसेल तर पुढचा उपाय शोधायचा असतो. त्यात आठवड्यातून एकदा घ्यायची वेगळी इंजेक्शनेही असतात, पण ती भूक आणि वजन कमी करतात, आणि याचे वजन आधीच घसरत होते. साखर इतकी वर आणि वजन आपोआप उतरणे हे एकत्र दिसले की शरीरात स्वतःचे इन्सुलिन कमी पडू लागले आहे असे समजतात, मग थांबत नाहीत. भावाने विचारले, माझे काय चुकले? डॉक्टर म्हणाल्या की काही नाही. गोळ्या स्वादुपिंडाकडून काम करून घेतात. चौदा वर्षांत तिथले काम करणारेच कमी होतात. पथ्य पाळणाऱ्याचेही होतात.

भाऊ म्हणाला, "आंबा उतरल्यावर बघू."

आमच्याकडे हे उत्तर सगळ्याला चालते. लग्न, घराची कौले, डोळ्याचे ऑपरेशन, सगळे आंबा उतरल्यावर. तेव्हा झाडांना मोहोरही आलेला नव्हता.

डॉक्टरांच्या माहेरी चार कलमे आहेत. त्यांनी विचारले, "काका, आंबा झाडावरून कधी उतरवता?"

"चौदा आणे झाला की." म्हणजे पूर्ण तयार होण्याच्या थोडा आधी.

"सोळा आणे होईपर्यंत का थांबत नाही?"

"थांबलं तर पडतो. नाय पडला तर आत साका धरतो, गर पांढरा पडतो. वरून दिसत नाय, कापला की कळतं."

"मग माझं म्हणणं वेगळं काय आहे?"

भाऊ हसला. "आंबा माझा आहे, म्हणून मला कळतं. सुई तुमची आहे."

गाडीत बसल्यावर तो एकच वाक्य म्हणाला, आणि ते मी लहानपणापासून घरात ऐकत आले होते. "बाबांना सुई लावली आणि पाय गेला."

आमच्या वडिलांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. आई ही गोष्ट नेहमी त्याच क्रमाने सांगायची: साखर होती, बरे चालले होते, इस्पितळात सुई लावली, पाय गेला. भाऊ त्या वेळी मुंबईत एका कंपनीत होता. पाय कापल्यावर नोकरी सोडून तो बागेवर परत आला. त्याला इन्सुलिनची नव्हे, पायाची भीती होती. बागेत उतार आहे, कातळ आहे, झाडावर चढावे लागते. पाय गेला तर बाग गेली, हे त्याने वडिलांच्या बाबतीत पाहिलेले होते.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. पुढचे काही महिने मी माझे जुने काम केले. कोणी काही सांगितले की विचारायचे, तुम्हाला कोणी सांगितले, आणि त्याच्यापर्यंत जायचे.

शेजारच्या निवृत्त मास्तरांचे म्हणणे होते की सुईची सवय लागते, एकदा लागली की सुटत नाही. कोणाची सुटली नाही, असे विचारल्यावर त्यांनी आपल्या मेहुण्याचे नाव घेतले. मेहुण्याला मी फोन केला. तो म्हणाला की सवय कसली, मला लागते म्हणून घेतो, चष्मा लागतो तसे. डॉक्टरांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की इन्सुलिन शरीर स्वतःच बनवते, त्याचे व्यसन लागत नाही. ऑपरेशन, मोठा जंतुसंसर्ग, गरोदरपण अशा वेळी सुरू केलेले पुष्कळदा नंतर बंदही होते. पण याच्यासारखे, चौदा वर्षांनी, स्वतःचे इन्सुलिन कमी पडते म्हणून दिलेले बहुधा चालू राहते. बंद होईल असे खोटे आश्वासन त्या देणार नव्हत्या.

मासळीबाजारात वहिनीला कोणी सांगितले की इन्सुलिनने डोळे जातात. माग काढत गेले तर ही गोष्ट मंडणगडच्या एका बाईपर्यंत पोचली. त्यांच्या दिराचे डोळे इन्सुलिनआधीच पडद्यावर रक्त उतरून बिघडलेले होते. यात मात्र थोडे तथ्य निघाले. साखर फार वर्षे वर राहून डोळ्याचा पडदा खराब झालेला असेल आणि ती एकदम खाली आणली तर काही काळ त्रास वाढू शकतो. म्हणून आधी डोळे तपासतात आणि साखर हळूहळू उतरवतात. भावाचे डोळे तपासून घेतले. पडद्यावर किरकोळ बदल होते, धोका नव्हता.

सुईने माणूस झाडावरून चक्कर येऊन पडतो, असे पेट्या भरणाऱ्या एकाने सांगितले. तेही पूर्ण खोटे नव्हते. साखर फार खाली गेली तर थरथर, घाम, चक्कर येते. डॉक्टर म्हणाल्या की ती ओळखायची आणि तिच्यावर काय करायचे ते आम्ही शिकवतो. काही गोळ्यांनीही ती खाली जाते, आणि तुमच्या तीनपैकी एक गोळी तशीच आहे.

ही शेवटची पायरी असते, असे तर सगळेच म्हणत. पण हे मुळात सांगणारा एकही माणूस सापडला नाही. प्रत्येकाने दुसऱ्याकडून ऐकले होते.

मी हे सगळे भावाला सांगत होते. तो ऐकून घ्यायचा. "तू पेपरवाली आहेस गो बाय. तुला कोणी पण फोनवर खरं सांगतो. बाबांना कोण फोन करणार?" मधल्या काळात तो जांभळाच्या बियांची पूड घेत होता. डॉक्टरांनी पूड सोडा म्हटले नाही. गोळ्या सोडू नका आणि हिच्या भरवशावर दिवस घालवू नका, एवढेच म्हणाल्या. जानेवारीत तपासणी पुन्हा केली. आकडा ११ च्या वर गेला होता.

एप्रिलमध्ये आंबा जोरात होता. पेट्या भरायच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या छपरात, जुन्या लाकडी पेट्यांची फळकुटे पडलेली असतात. हल्ली पुठ्ठ्याचे खोके वापरतात, पण जुने कोणी टाकत नाही. एका बुधवारी संध्याकाळी भाऊ घरात आला, पाय धुतले, ओटीवर बसला. वहिनी दिवा लावून बाहेर आली तर फरशीवर मोरीपासून ओटीपर्यंत ओले ठसे होते. उजव्या पायाचा ठसा लाल होता.

तळव्यात, अंगठ्याच्या मागे, खिळा घुसून निघालेला होता. कधी, ते भावाला सांगता आले नाही. त्याला काही लागल्याचे कळलेच नव्हते. चप्पल पाहिली, तिला खालून वर भोक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पोचलो तोवर भोवती लाली आली होती.

डॉक्टरांनी पायाच्या शिरा चाचपल्या, नायलॉनच्या बारीक तारेने तळवा ठिकठिकाणी दाबून कुठे कळते आणि कुठे नाही ते पाहिले. बऱ्याच ठिकाणी कळत नव्हते. एक्स-रे काढला, हाडापर्यंत गेलेले नव्हते. रक्तप्रवाह चांगला होता. शल्यविशारदांनी जखम साफ केली, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि अँटिबायोटिक दिले. मग डॉक्टर भावाकडे वळल्या. साखर सव्वातीनशे होती. एवढ्या साखरेत जखम भरत नाही, जंतू वाढतात. आता आंबा उतरायची वाट पाहायची नाही, आजपासून इन्सुलिन.

भावाने धनुर्वाताचे इंजेक्शन हूं की चूं न करता घेतले होते. इन्सुलिनला नाही म्हणाला.

"हेच झालं होतं," तो म्हणाला. "पायाला लागलं, मग सुई, मग पाय. आता सुई नको. बाकी काय ते करा."

डॉक्टरांनी जबरदस्ती केली नाही. इन्सुलिन भरलेली दोन पेने आणि सुया लिहून दिल्या, आम्ही विकत घेतल्या. लाली वर सरकली किंवा ताप आला तर इस्पितळात दाखल व्हावे लागेल, आणि तिथे इन्सुलिन द्यावेच लागेल, हे त्यांनी मला आणि वहिनीला सांगितले. परत येताना मी भावाला सोडले आणि गाडी लांज्याच्या रस्त्याला घातली. बाबांच्या त्या सगळ्या दिवसांची एकच साक्षीदार उरली होती, लांज्याची आत्या.

आत्या वडिलांची धाकटी बहीण, ऐंशीच्या पुढची. वडील आजारी असताना ती आपले घर सोडून येऊन राहिली होती. मी तिला काय झाले ते सांगितले आणि काय विचारायचे आहे ते सांगितले नाही. आधी सांगितले की माणूस आपल्याला हवे ते बोलतो. ती म्हणाली, उद्या येते, आज मला गाडी लागेल. शुक्रवारी दुपारी सुनेला घेऊन एसटीने आली.

भाऊ पाय उशीवर ठेवून पडला होता. आत्याने पट्टीकडे पाहिले. चहा झाला. मग मी विचारले की बाबांच्या पायाचे आधी काय झाले.

"आधी काय? अंगठा काळा झाला," ती म्हणाली. "काटा रुतला होता त्याला. सांगितलंन नाय कोणाला. वास यायला लागला तेव्हा तुझ्या आईला कळलं."

"ते सुई लावल्यावर," भाऊ म्हणाला.

"कोणी सांगितलं तुला?"

"आई सांगायची."

"तुझी आई घाबरून गेली होती, तिला वार पण आठवत नव्हता. मला विचार. शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा मी मागच्या दारी तुझ्या बापाची चिंधी धुवत होते. त्या वर्षी मी पालखी बघितली नाय. आणि इस्पितळात नेला तो पालखी देवळात परत गेल्यावर. सुई तिथे लागली. तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळा होता."

भाऊ उठून बसला. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. मुंबईचे पुरुष काही करून त्यासाठी गावी येतात. मी त्या वर्षी परीक्षेमुळे आले नव्हते. भाऊ आला होता.

"त्या वर्षी बाबा खाली उतरले नाहीत," तो म्हणाला.

"कसा उतरेल?"

"पाय मुरगळलाय म्हणाले. मी नारळ दिला. मी पालखीला खांदा दिला. ते ओटीवर बसले होते. पायावर गोधडी होती. एवढ्या उकाड्यात."

"गोधडी मी घातली. वास लपायला," आत्या म्हणाली. "तुला कळू द्यायचं नव्हतं त्याला. तू रजा वाढवशील, नोकरी जाईल म्हणून."

भाऊ दोन दिवसांनी मुंबईला गेला होता. तिथे कंपनीच्या फोनवर त्याला पहिला निरोप मिळाला की बाबांना इस्पितळात सुई सुरू केली. दुसरा निरोप मिळाला की पाय कापला. त्याच्यापर्यंत बातम्या या क्रमाने आल्या होत्या. घटना त्या क्रमाने घडल्या नव्हत्या. पाय सडला म्हणून इन्सुलिन दिले होते. ते देईपर्यंत पाय वाचण्यासारखा राहिला नव्हता.

दोन साक्षी जुळल्या होत्या, आणि दुसरी त्याची स्वतःची होती. आत्या म्हणाली, "बापासारखा गोधडी घालून बसू नको, बाबू. घे ती सुई. मला परत चिंध्या धुवायला लावू नको, माझे गुडघे राहिले नायत."

त्या रात्री जेवण झाल्यावर त्याने पेन मागितले. दवाखान्यातल्या सिस्टरने मला आणि वहिनीला शिकवले होते. पेनाला नवी सुई लावायची, दोन युनिट हवेत सोडून थेंब येतो का पाहायचे, मग दहावर फिरवायचे. पोटावर, बेंबीपासून दोन बोटे सोडून, टोचायचे, दाबायचे, दहा अंक मोजून सुई काढायची. रोज जागा थोडी बदलायची, नाही तर तिथे गाठ धरते. सुई चार मिलिमीटरची, केसासारखी. त्याने वहिनीला हात लावू दिला नाही. स्वतः टोचले. दहापर्यंत मोजले. मग विचारले, "झालं?"

"झालं."

"डास चावला तर याच्यापेक्षा कळतं," तो म्हणाला आणि सुपारी शोधायला गेला.

डॉक्टरांनी नियम सांगितला होता: रोज सकाळी उपाशीपोटी बोटातून साखर बघायची. ती एकशे तीसच्या वर राहिली तर दर तिसऱ्या दिवशी दोन युनिट वाढवायचे. शंभरच्या खाली गेली तर वाढवायचे नाही, फोन करायचा. गोळ्या चालूच. पहिले दोन आठवडे हे बरोबर चालले. दहाचे सोळा युनिट झाले. सकाळचा आकडा दोनशे चाळीसवरून दीडशेवर आला. लाली ओसरली. जखम कडेने गुलाबी दिसू लागली. रात्रीचे उठणे एकदावर आले.

मे महिन्याच्या मध्यात वळवाचा पाऊस झाला. खांब पडले आणि लाइट येत-जात राहिली. त्यानंतर सकाळचा आकडा वाढू लागला. एकशे ऐंशी, दोनशे, दोनशे वीस. नियमाप्रमाणे भावाने मात्रा वाढवली. अठरा, वीस, बावीस. आकडा उतरला नाही. जखमेची कड पुन्हा पांढरी दिसू लागली, पट्टी ओली यायला लागली.

"माझ्यावर चालत नाय," भाऊ म्हणाला. तो रागावलेला नव्हता. सुटल्यासारखा वाटत होता. "एवढं घेऊन बघितलं. आता बंद करायला सांग तुझ्या डॉक्टरला."

मी फोन केला. डॉक्टरांनी मात्रा बावीसवर थांबवायला सांगितली आणि पेन घेऊन या म्हणाल्या, वहिनींनाही आणा. दवाखान्यात त्यांनी भावाला सगळे करून दाखवायला लावले. त्याने सुई लावली, थेंब काढला, दहा मोजले. काही चुकले नाही. पोट चाचपले, गाठी नव्हत्या. जेवण विचारले. पायाला नवा संसर्ग दिसत नव्हता. मग त्यांनी विचारले, पेन कुठे ठेवता?

"फ्रिजमध्ये," भाऊ म्हणाला.

"फ्रिजमध्ये कुठे?"

भावाने वहिनीकडे पाहिले. वहिनी म्हणाली, "वर. बर्फाच्या कप्प्यात. लाइट जात होती ना, खालचा भाग कोमट व्हायचा. मग मी दोन्ही पेनं वर ठेवली, सुरमईच्या डब्यावर. हे जेवायला बसले की काढून ठेवते, तोपर्यंत सुटतं."

वहिनीच्या हातून कधी मासळी खराब झालेली नाही. वादळात चार दिवस लाइट नसताना तिने सगळ्या वाडीची मासळी मिठात आणि बर्फात टिकवलेली आहे. जे टिकवायचे ते सगळ्यात थंड जागी, हा तिचा नियम आणि आमच्याकडे सगळ्यांचाच.

डॉक्टर म्हणाल्या की गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखेच दिसते, पण त्याचे काम संपलेले असते. पुन्हा वापरायचे नाही.

"म्हणजे इतके दिवस हे पाणीच टोचून घेत होते?" वहिनीने विचारले.

"जवळजवळ."

वहिनी खाली बघू लागली. भाऊ म्हणाला, "सुरमईला शुगर असती तर बरी झाली असती." सिस्टर हसली. वहिनी हसली नाही, पण तिने मान वर केली.

डॉक्टरांनी दोन्ही पेने टाकून दिली. नवे पेन बावीसवर सुरू करायचे नाही, हे त्यांनी तीनदा सांगितले. वाढवलेली मात्रा निकामी औषधाची होती. खऱ्या औषधाची तेवढी घेतली तर साखर एकदम खाली जाईल. पुन्हा सोळापासून. न उघडलेले पेन फ्रिजच्या खालच्या भागात, बर्फापासून लांब. चालू पेन फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. घरातल्या थंड जागी महिनाभर चालते. मेच्या उकाड्यात लाइट नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या रिकाम्या मडक्यात, डब्यात घालून. वहिनीने घरी येऊन त्याच दिवशी मडके मांडले.

बंद करायचे का, हा प्रश्न भावाने दवाखान्यात विचारला नाही. गाडीत मी विचारले. तो म्हणाला, "बघू आता खरी सुई काय करते."

आठवड्याभरात सकाळचा आकडा एकशे पन्नासच्या खाली आला. जूनच्या अखेरीस एकशे वीसच्या आसपास स्थिरावला, मात्रा अठरा युनिट. जखम जुलैत पूर्ण भरली. शल्यविशारदांनी पट्टी बंद केली आणि दोन गोष्टी सांगितल्या: अनवाणी चालायचे नाही, घरातसुद्धा. आणि रोज संध्याकाळी तळवे आरशात बघायचे, कारण त्यांना आता लागल्याचे कळत नाही. वहिनीने ओटीवर हातआरसा टांगला.

ऑगस्टमध्ये एकदा तो बागेत झाडांना खत घालत राहिला आणि दुपारचे जेवण चुकवले. हात थरथरू लागले, घाम फुटला. खिशात साखरेची पुडी असायची, ती त्याने तिथेच तोंडात टाकली आणि बांधावर बसला. पाव तासाने घरी येऊन मोजले तर अठ्ठ्याहत्तर होते. त्याने जेवण केले आणि डॉक्टरांना स्वतः फोन केला. त्यांनी साखर खाली आणणारी ती एक गोळी निम्मी केली आणि इन्सुलिन अठराचे सोळा केले. मास्तर भेटले तेव्हा भावाने त्यांना सांगितले की सुई वाढतच जाते म्हणायचात, माझी कमी झाली. मास्तर म्हणाले, सुरुवातीला होते तसे.

जांभळाची पूड अजून डब्यात आहे. कोणी काढलेली नाही.

आत्या डिसेंबरमध्ये गेली. भाऊ लांज्याला गेला, बूट घालून, आणि दहाव्यालाही जाऊन आला.

गेल्या महिन्यात तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा ७.४ आला. डॉक्टरांनी त्याच्यासाठी साडेसात ठरवले होते. वजन सहा किलो परत आले आहे. मूत्रपिंडाची तपासणी पूर्वीसारखीच आहे, डोळ्याच्या पडद्यावर नवीन बदल नाही. मात्रा आणखी उतरून चौदा युनिट.

यंदा शिमग्याला पालखी आमच्या अंगणात आली. पालखीला खांदा देताना पायात काही चालत नाही, त्यामुळे भावाने खांदा दिला नाही. मुंबईहून आलेल्या मुलाने दिला. भाऊ ओटीवर मोजे घालून उभा राहिला आणि त्याने नारळ दिला. रात्री जेवणानंतर त्याने चौदा युनिट घेतले.